वर्गशिक्षिकेला मेल पाठवण्याआधी

"माझा मुलगा पाचवीत आहे, बोलताना अडखळतो. वर्गातली मुलं त्याची नक्कल करतात. रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो. बाईंना मेल लिहून ठेवलाय, पण पाठवायला हात धजत नाही. तक्रार केली म्हणून त्या त्याच्यावरच राग धरतील का?"

मेल जरूर पाठवा, पण लिहून ठेवलाय तसा नको. अशाच एका आईचा मेल आम्ही दोघींनी मिळून दुरुस्त केला होता. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून तो इथे देते.

त्यांनी रात्री उशिरा लिहिलेला पहिला मसुदा असा होता: "तुमच्या वर्गात माझ्या मुलाचा रोज छळ होतो आणि तुमचं लक्ष नसतं. सगळी मुलं त्याला हसतात. त्या दोघांना घरी काही वळणच लावलेलं नाही. उद्यापर्यंत कारवाई झाली नाही तर मी मुख्याध्यापकांकडे जाईन."

यातली तळमळ खरी होती. तरीही असा मेल आला की शिक्षिका आधी स्वतःचा बचाव करायला बसते. "माझं लक्ष असतं" एवढंच तिच्या उत्तरात येतं आणि मूल बाजूला राहतं. म्हणून प्रत्येक वाक्यापुढे मी त्यांना एकच प्रश्न विचारला: हे कोणी पाहिलं, कधी? "रोज" आणि "सगळी मुलं" यांना उत्तरच नव्हतं. "वळण नाही" हा तर त्यांचा अंदाज होता. मुलाने स्वतः नेमकं काय सांगितलं होतं, तेही त्यांना धड आठवेना.

तेव्हा आधी मुलाशी पुन्हा बोलायचं ठरलं. "आज कोणी चिडवलं का?" असं रोज दारातच विचारलं की मूल एकतर "नाही" म्हणून मोकळं होतं किंवा आपल्याला काय ऐकायचंय ते सांगतं. त्यापेक्षा एखादी ठरावीक वेळ धरून विचारावं. आईने विचारलं, "हजेरी घेतात तेव्हा काय काय होतं? मी तिथे नसते ना, मला दिसेल असं सांग." मग एकेक उलगडत गेलं. "प्रेझेंट मॅडम" म्हणताना तो "प्रे"वर अडकतो. मागच्या बाकावरचा मुलगा हळूच "प्रे-प्रे-प्रे" करतो आणि आजूबाजूची चार-पाच मुलं हसतात. मॅडमची नजर तेव्हा हजेरीपटावर असते. "रेंज गेली" हे नाव डब्याच्या सुट्टीत पडलं, आणि तेव्हा तर मॅडम वर्गातच नसतात. व्हॅनमध्येही एक मोठा मुलगा तेच म्हणतो.

इतकं कळल्यावर "तुमचं लक्ष नसतं" हे वाक्य आपोआप गळालं. बाईंना दिसत का नाही याचं कारण आता समोर होतं. व्हॅनचा भागही आम्ही काढला, कारण तो वर्गशिक्षिकेच्या हातात नाही. त्यासाठी व्हॅनवाल्या काकांशी वेगळं बोलावं लागतं. सगळंच एका मेलमध्ये कोंबलं की नेमकं काय करायचं हे वाचणाऱ्याला कळत नाही.

शेवटी गेलेला मेल असा:

*विषय: पाचवी ब, मुलाला चिडवण्याबद्दल, भेटीची विनंती*

*नमस्कार मॅडम,*

*मी पाचवी ब मधल्या … ची आई. तो बोलताना अडखळतो, हे आपल्याला माहीत आहेच. त्याने घरी सांगितलेल्या दोन गोष्टी आपल्या कानावर घालते. मी स्वतः त्या पाहिलेल्या नाहीत.*

*सोमवारी, ८ जुलैला, हजेरीच्या वेळी तो "प्रेझेंट"वर अडकला तेव्हा मागच्या बाकावरून त्याची नक्कल झाली आणि काही मुलं हसली. गुरुवारी, ११ जुलैला, डब्याच्या सुट्टीत … आणि … यांनी त्याला "रेंज गेली" म्हणून हाक मारली. तेव्हापासून तो डबा अर्धवट परत आणतो आणि शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं म्हणतो. रविवारी दुखत नाही.*

*हजेरीला सध्या सगळ्याच मुलांनी नुसता हात वर केला तर चालेल का? आणि वाचनाच्या वेळी त्याला एकट्याऐवजी जोडीदाराबरोबर एकत्र वाचू द्याल का? एकत्र वाचताना तो फारसा अडखळत नाही.*

*वर्गासमोर त्याचं नाव घेऊन हा विषय काढू नये, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. आपल्या पाहण्यात काय आलं, हेही जाणून घ्यायला आवडेल. या आठवड्यात भेटीसाठी दहा मिनिटं देऊ शकाल का? आपण सांगाल त्या वेळी येईन.*

*आपली,*
*…*

"मी स्वतः पाहिलेल्या नाहीत" हे वाक्य लिहायला त्या आधी तयार नव्हत्या. त्याने बाजू लंगडी पडेल असं त्यांना वाटत होतं. पण त्याच वाक्यामुळे बाईंना शहानिशा करायला जागा राहते, आणि उद्या एखादा तपशील चुकीचा निघाला तरी मूल खोटं ठरत नाही. दोन मुलांची नावं मात्र ठेवली, कारण नावाशिवाय बाईंनी लक्ष कोणावर ठेवायचं? त्या मुलांच्या स्वभावावर, घरावर एक शब्दही लिहिला नाही. हा मेल फक्त वर्गशिक्षिकेला गेला. तो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा मोह होतो, पण तिथे गेल्यावर भांडण आईबापांचं होतं आणि वर्गात त्याची झळ मुलाला बसते.

दोन्ही विनंत्या मुद्दाम छोट्या ठेवल्या, उद्यापासून करता येतील अशा. अडखळणाऱ्या बऱ्याच मुलांना दुसऱ्याच्या आवाजाबरोबर वाचताना सोपं जातं, हे वाचा-उपचार करणाऱ्यांच्या नेहमीच्या अनुभवातलं आहे. हात वर करणं सगळ्यांसाठी मागितलं, कारण एकट्याला सवलत दिली की चिडवायला नवं निमित्त मिळतं. "त्यांना शिक्षा करा" असं मागितलं नाही. भर वर्गात माफी मागायला लावली की त्याचा वचपा सुट्टीत निघतो, हे मी अनेकदा ऐकलंय.

आता तुमची भीती. बाई राग धरतील का? बहुतेक शिक्षिकांना आरोप झोंबतो, माहिती झोंबत नाही. तरी चार-पाच शाळेच्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण पाठवा. त्यानंतरही शांतताच असेल, तर तीच साखळी मुख्याध्यापकांना पाठवा, धमकी न देता. शाळेत समुपदेशक असेल किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असेल, तर तिथेही तोच मेल दाखवता येतो.

काही बाबतीत मात्र एवढं थांबायचं नसतं. मारहाण झाली असेल, अंगाला नकोसा स्पर्श झाला असेल, किंवा "मला जगायचं नाही" असं काही मुलाच्या तोंडून आलं असेल, तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटा. जगण्याबद्दलचं बोलणं असेल तर मुलाला एकटं न ठेवता डॉक्टरांकडे न्या. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

त्या आईला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. हजेरी हात वर करून सुरू झाली. भेटीत बाईंनी सांगितलं की नक्कल करणाऱ्याला त्यांनी एकट्याला बोलावून समजावलं, आणि डब्याच्या सुट्टीत वर्गात एक फेरी मारायला सुरुवात केली. हजेरीची नक्कल थांबली, डबा संपून यायला लागला. "रेंज" हे नाव सुट्टीत अधूनमधून अजून ऐकू येतं, म्हणून आईने महिन्याने पुन्हा भेटीची वेळ मागून घेतली आहे. व्हॅनमध्ये काकांनी त्याची जागा पुढे, स्वतःच्या शेजारी करून दिली.