कर्ज समितीच्या इतिवृत्तात विरोध नोंदवायचा का?

प्रश्न: आमच्या पतसंस्थेत मी नवीन आहे, कर्ज मंजुरी समितीचं इतिवृत्त लिहायला सांगितलंय. एका सदस्याने एका कर्जाला विरोध केला तर त्याचं नाव आणि कारण लिहायचं की नुसतं 'बहुमताने मंजूर' चालेल?

उत्तर:

नाव लिहा, कारण लिहा, आणि कारण त्या माणसाच्या शब्दात आणि आकड्यांसकट लिहा. 'बहुमताने मंजूर' म्हणजे अर्धंच लिहिलं, बहुमत होतं म्हणजे कुणीतरी विरोधात होतं, ते कोण आणि का हे नको का कळायला? आणि 'सर्वानुमते' तर खरोखर सगळे तयार असतील तरच.

मी ठाण्यातल्या एका पतसंस्थेत मॅनेजर होतो, बरीच वर्षं प्रोसिडिंग मीच लिहायचो, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवत नाही. सरळ एक केस सांगतो, त्यात तुमचं सगळं येईल.

अर्जदार वागळे इस्टेटमध्ये जॉबवर्क करणारा, दोन कामगार, स्वतः मशीनवर उभा राहणारा, माणूस सरळ. सेकंडहँड सीएनसी लेथ घ्यायची होती, किंमत दहा लाख, आमच्याकडे मागणी आठ लाखांची. व्याज १३ टक्के, मुदत पाच वर्षं, म्हणजे हप्ता १८,२०० च्या आसपास. आमच्या समितीत पाच जण. अध्यक्षसाहेबांचं मत आधीच ठरलेलं, 'आपला माणूस आहे, देऊन टाकू'. एका संचालकाचा मेव्हणा या कर्जाला जामीनदार होता म्हणून ते चर्चा सुरू व्हायच्या आधी बाहेर जाऊन बसले, तेही मी लिहिलं, कोण बाहेर गेलं आणि निर्णय झाल्यावर परत आलं असं. म्हणजे निर्णयाला उरले चार.

त्यातल्या एक मॅडम राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागातून रिटायर झालेल्या. त्यांनी बँक स्टेटमेंट मागितलं, बारा महिन्यांचं, आणि टेबलावरच कॅल्क्युलेटर काढला. महिन्याला सरासरी जमा १,६०,०००. भाडं, लाईट, दोन पगार, टूल्स, ऑइल धरून जातात १,०६,०००. उरले ५४,०००. त्यातून टेम्पोचा हप्ता ११,५००, घरखर्च २६,०००. हातात राहतात १६,५००. आणि आपला हप्ता १८,२००. म्हणजे पहिल्या दिवसापासून १,७०० ची तूट.

अध्यक्ष म्हणाले नवीन मशीन आल्यावर महिन्याला पंचवीस हजार तरी वाढतील की. मॅडमचं म्हणणं, मशीन अजून आली नाही, तिची कमाई आज धरायची नाही. आणि दुसरं त्यांनी दाखवलं ते मला आजही लक्षात आहे, स्टेटमेंटमध्ये पेन्सिलने खुणा करत गेल्या, जमा होणाऱ्या पैशातले सत्तर टक्के एकाच कंपनीकडून, महापेच्या, आणि आधी बिल दिल्यापासून पंचेचाळीस दिवसांत येणारे पैसे शेवटचे चार महिने नव्वद दिवसांच्या पुढे गेलेले. तिथे काहीतरी हलतंय असं त्या म्हणाल्या. त्यांनी नुसतं 'नको' म्हटलं नाही, सहा लाख द्या म्हणाल्या, हप्ता १३,६५० होतो, बसतो, बाकीचे चार लाख अर्जदाराने स्वतःचे घालावेत. यावर मतदान झालं, तीन विरुद्ध एक, आठ लाख मंजूर.

मी लिहिलं ते असं, जवळपास शब्दशः:

"अर्जदार यांचा रु. ८,००,००० चा यंत्रसामग्री कर्ज मागणी अर्ज विचारार्थ ठेवण्यात आला. बँक खात्याच्या उताऱ्यावरून सर्व खर्च व चालू हप्ता वजा जाता मासिक शिल्लक रु. १६,५०० दिसते, प्रस्तावित हप्ता रु. १८,२०० आहे. नवीन यंत्रामुळे वाढणारे उत्पन्न विचारात घेऊन ३ विरुद्ध १ मतांनी कर्ज मंजूर. सदस्या यांनी विरोध नोंदवला, कारण : (अ) हप्ता सध्याच्या शिल्लकीत बसत नाही, (ब) ७० टक्के जमा एकाच ग्राहकाकडून असून त्याची देणी लांबत आहेत. त्यांची सूचना रु. ६,००,००० मंजुरीची होती, ती अमान्य."

(नाव मी इथे काढलंय, वहीत पूर्ण नाव होतं.)

खाली अटी. इथे लोक हमखास झोपतात, 'आवश्यक कागदपत्रे घ्यावीत' असं लिहून मोकळे होतात, त्याला काही अर्थ नाही. अट अशी लिहायची की चेक काढणाऱ्या क्लार्कला हो की नाही एवढंच सांगता यावं. आम्ही लिहिल्या त्या : विक्रेत्याकडचं मूळ खरेदी बिल आणि मशीनवर कर्ज बाकी नसल्याचा त्याच्या बँकेचा ना-देय दाखला, दोन सदस्यांनी मशीन बघून सिरियल नंबर लिहून घेणे, रक्कम थेट विक्रेत्याच्या खात्यावर, मशीन अर्जदाराकडेच राहून आपल्याकडे तारण राहील असा नजरगहाण करार, संस्थेच्या नावाच्या कलमासह विमा, आणि दोन जामीनदार, दोघांच्याही पगारातून कपातीला त्यांच्या मालकाची संमती. बिल, दाखला आणि मशीन बघणं या तीन अटी 'पूर्ण झाल्याशिवाय वितरण नाही' आणि बाकीच्या 'वितरणाच्या दिवशी' असं वेगळं मांडलं. वेगळं मांडणं फार महत्त्वाचं आहे, नाहीतर सगळ्याच अटी नंतर बघू मध्ये जातात.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी केबिनमध्ये बोलावलं. वही समोर. म्हणाले, 'अहो, हे विरोधाचं कशाला लिहिलंत, चर्चेअंती मंजूर लिहा, मॅडमनी तोंडी सांगितलंय ते आपल्याला माहीतच आहे, उद्या कुणी बघितलं तर ठेवीदार घाबरतील.' मी म्हटलं साहेब, सभा झालीय, मॅडमची सही घ्यायची आहे, त्या वाचून सही करणार. पान बदलणार नाही म्हणालो. थोडे आवाज वाढले. शेवटी पुढच्या मीटिंगमध्ये ते इतिवृत्त वाचून कायम झालं, आहे तसं.

आणि ते जे 'कुणी बघितलं तर' म्हणाले ना, ते खरंच आहे, सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली सभासदाला समितीच्या सभांचं इतिवृत्त बघायला मागता येतं. पण म्हणून विरोध लपवायचा नसतो, म्हणून भाषा नीट ठेवायची असते. अर्जदाराच्या घरातलं भांडण, आजारपण, असलं काही वहीत जाऊ देऊ नका, पैशाचं तेवढंच.

मग दसरा आला आणि अध्यक्षांचा फोन, मुहूर्तावर मशीन आणायची आहे, चेक सोडा. ना-देय दाखला आलेला नव्हता, मशीन बघायलाही कुणी गेलेलं नव्हतं. मी म्हटलं लेखी द्या. चिडले, पण दिलं, कार्यालयीन टिपणीवर 'दाखला नंतर घेण्याच्या अटीवर वितरण करावे' आणि खाली सही. पैसे विक्रेत्याच्या खात्यावर गेले.

सव्वा वर्ष हप्ते नीट. मग महापेची ती कंपनी चाकणला गेली आणि अर्जदाराचं काम तुटलं, बाकी राहिली साडेसहा लाखांच्या आसपास. मशीन ताब्यात घ्यायला गेलो तर कळलं, तिच्यावर विक्रेत्याच्या बँकेचं आधीचं नजरगहाण होतंच, कधी फिटलंच नव्हतं. म्हणजे आमचं तारण कागदावरच. मार्केटमध्ये विचाराल तर सेकंडहँड मशिनरीत हे नेहमीचंच आहे, आणि तो एक ना-देय दाखला नेमका यासाठीच असतो.

लेखापरीक्षकांनी वही मागितली. प्रश्न दोनच, मंजूर कुणी केलं आणि अटी पूर्ण न होता चेक कुणाच्या सांगण्यावरून सुटला. पहिल्याचं उत्तर त्या पानावर, दुसऱ्याचं त्या टिपणीत. शेरा आला, दोष दुरुस्ती अहवालात उत्तर द्यावं लागलं, आणि खुलासा अध्यक्षांकडे आणि बाजूने मत दिलेल्या दोघांकडे मागितला गेला. मॅडमकडे नाही. नुकसान समितीवरच बसवण्याच्या चौकशीपर्यंत, म्हणजे कलम ८८ पर्यंत, गोष्ट गेली नाही कारण कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन दोन्ही जामीनदारांच्या पगारातून कपात सुरू झाली आणि बरीचशी रक्कम आली. त्यातला एक जामीनदार तो मेव्हणा, तो अजून रागावलेला आहे, त्याचं चुकतही नाही.

अध्यक्ष आजही भेटले की म्हणतात, तुम्ही ते लिहिलं नसतं तर एवढा बोभाटा झाला नसता. अहो, नसतं लिहिलं तर सगळ्यांकडेच खुलासा मागितला असता, आणि वसूल झालं नसतं तर ८८ खाली नुकसान कुणावर बसवायचं हे बघताना चौकशी अधिकारी पण हीच वही उघडतो. 'सर्वानुमते' लिहिलेल्या पानावर विरोध करणाऱ्याला नंतर 'मी तोंडी बोललो होतो' म्हणता येत नाही.

आता तुमच्यासाठी. सभेतच कच्चं लिहा आणि विरोध करणाऱ्याला त्याचा भाग तिथेच वाचून दाखवा, दुसऱ्या दिवशी फोनवर शब्द बदलले जातात. पानांना नंबर असावेत, रिकाम्या ओळींवर रेघ मारा, व्हाइटनर नाही, खोडलं तर बाजूला सही. सुटी पानं टाइप करून चिकटवत असाल तर जोडावर अर्धी वही अर्धं पान अशी सही शिक्का घ्या.

हे सगळं सांगितलं म्हणजे विरोध नोंदवला की माणूस सुटला असं समजू नका. त्याच मॅडमनी नंतर त्याच कर्जाच्या मुदतवाढीवर गुपचूप सही केली असती तर पहिल्या विरोधाचा उपयोग राहिला नसता. आणि प्रत्येक कर्जाला विरोध लिहून ठेवणारे पण असतात, पुढे कामाला येईल म्हणून, त्यांना आकडा विचारा, आकडा नसेल तर 'कारण नमूद केले नाही' असं लिहा, लगेच थांबतात. समितीला किती रकमेपर्यंत अधिकार आहे आणि कोरम किती हे तुमच्या उपविधीत बघा, आमचं तुम्हाला लागू होईलच असं नाही. आणि अध्यक्ष पान बदला म्हणाले तर लेखी मागा, देत नाहीत कुणी.