'गुणवत्तेबद्दल उत्कट' चालेल का?

*प्रश्न: नोकरीच्या साइटवर 'माझ्याविषयी'मध्ये मी लिहिलं होतं, "सहा वर्षं चाकणला क्वालिटीत आहे. बोअरमध्ये रिजेक्शन आलं की कारण शोधतो." तिथल्या 'सुधारा' बटणाने त्याचं "गुणवत्तेबद्दल उत्कट असलेला परिणामाभिमुख व्यावसायिक" असं केलं. 'उत्कट' इथे बरोबर आहे का? सूचना स्वीकारू का?*

'उत्कट' इथे बसत नाही. मराठीत उत्कट असते ती भावना: उत्कट इच्छा, उत्कट प्रेम. माणसाला उत्कट म्हटलंच, तर तो स्वभावाने तसा, एवढाच अर्थ निघतो. 'अमुक गोष्टीबद्दल उत्कट' ही रचना इंग्रजी 'पॅशनेट अबाउट'ची आहे. आपण 'त्याला गाण्याचं वेड आहे' म्हणतो, आणि मापं तपासणाऱ्याबद्दल बहुधा 'कामाला चोख आहे' एवढंच.

'व्यावसायिक'ने तर घोटाळाच होईल. हॉटेल व्यावसायिक, बांधकाम व्यावसायिक म्हणजे तो धंदा करणारा. तुमचं वाचून कुणाला वाटेल, चाकणला तुमचं स्वतःचं वर्कशॉप आहे. 'परिणामाभिमुख' मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, त्यामुळे तो सोडून देऊ.

पण शब्दांपेक्षा मला क्रियापद गेल्याचं जास्त वाईट वाटतं. तुमच्या दोन वाक्यांत 'आहे' आणि 'शोधतो' होतं. सूचनेत एकही क्रियापद उरलं नाही, नुसती विशेषणांची माळ. क्रियापदाबरोबर सहा वर्षं, चाकण आणि बोअरही गेले, म्हणजे तुमचं म्हणून जे होतं ते सगळं. म्हणून स्वीकारण्याआधी दोन्ही मजकूर वरखाली ठेवा आणि काय गळलं ते पाहा. काय नवीन आलं तेही पाहा. 'संघाचे नेतृत्व' आलं असेल आणि तुमच्या हाताखाली कुणी नसेल, तर ती थाप आहे, आणि मुलाखतीत जाब तुम्हालाच विचारतील.

एका बाबतीत मात्र बटणाचं ऐकावं. तुमचा मजकूर त्रोटक आहे, ही त्याची तक्रार रास्त आहे. फक्त भर तुमच्या कामातली घाला. लिंक्डइनवर या रकान्यात २६०० अक्षरं मावतात, त्यामुळे जागेची काळजी नको. मी असं लिहिलं असतं (तपशील तुमचे घाला, मी अंदाजाने घेतलेत):

"सहा वर्षं चाकणला क्वालिटीत आहे. बोअरमध्ये रिजेक्शन आलं, प्लग गेजची 'गो' बाजू आत जाईना झाली, की इन्सर्ट झिजलाय का ऑफसेट चुकलाय, हे मशिनपाशी उभा राहून शोधतो."

यावर परत बटण दाबलंत तर शुद्धलेखन आणि विरामचिन्हं घ्या. 'रिजेक्शन'चं 'अस्वीकृती' किंवा 'शोधतो'चं 'शोध घेण्यात निपुण' करून दिलं, तर परत पाठवा. शॉपफ्लोअरवर 'अस्वीकृती' म्हणालात तर ऑपरेटर मशिन थांबवून तुमच्याकडे बघत राहील.