कार डेकवरची पहिली राउंड

लॅशिंग, म्हणजे फेरीच्या डेकला गाड्या चेननं बांधणं, तू शिकशीलच. ट्रकचा हँडब्रेक, चाकाखाली चोक, मग चेन. चेन डेकशी साधारण 30 ते 60 अंशांत असू दे. फार उभी असली तर गाडी आडवी सरकताना ती धरत नाही. चेन लॅशिंग पॉइंटलाच लावायची, बंपरला नव्हे. बंदर सोडून जहाज हलू लागलं की पुन्हा फिरून ताण बघ, कारण ट्रकचे स्प्रिंग दबतात आणि चेन सैल पडते.

पण राउंडवर माझी नजर आधी स्कपरवर जाते, म्हणजे डेकच्या कडेच्या निचऱ्याच्या जाळीवर. चिंध्या, प्लॅस्टिक, तुटलेले पट्टे तिथंच साचतात.

2006 च्या फेब्रुवारीत तांबड्या समुद्रात ‘अल-सलाम बोकाचियो 98’ हे फेरी जहाज सौदीच्या दुबाहून इजिप्तच्या सफागाला निघालं होतं. कार डेकवर आग लागली. विझवायला मारलेलं पाणी तुंबलेल्या निचऱ्यामुळे डेकवरच राहिलं आणि जहाज उलटलं. हजाराच्या आसपास माणसं गेली.

हिशेब असा: 100 मीटर लांब, 20 मीटर रुंद डेकवर 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे 200 टन. वजन फार नाही, पण अडवणाऱ्या भिंतीच नसल्यानं जहाज कललं की ते सगळं खालच्या बाजूला धावतं आणि जहाजाला आणखी कलवतं. हा परिणाम रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. मधोमध जहाजाच्या लांबीभर भिंत असती तर तो चौथाईवर आला असता. पण मग ट्रक वळणार कुठून?

जहाज कलून सावकाश परत येतंय किंवा एका बाजूलाच रेंगाळतंय असं वाटलं, तर थांबू नकोस, ब्रिजला लगेच कळव.