कस्टमर सक्सेस मॅनेजर आणि अकाउंट मॅनेजर यांच्या कामातील फरक

प्रश्न: सॉफ्टवेअर कंपनीत कस्टमर सक्सेस मॅनेजर नेमके काय काम करतो? अकाउंट मॅनेजरही ग्राहकच सांभाळतो ना, मग फरक काय?

उत्तर:

वार्षिक वर्गणीवर सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीची खरी कमाई पहिल्या विक्रीत नसते. ग्राहक पुढच्या वर्षी करार पुन्हा करतो की नाही, यावर ती अवलंबून असते. घेतलेले सॉफ्टवेअर ग्राहकाच्या रोजच्या कामात रुजले आहे का, हे पाहणे आणि रुजले नसेल तर कारण शोधून ते दूर करणे, हे कस्टमर सक्सेस मॅनेजरचे काम असते. अकाउंट मॅनेजर त्याच ग्राहकाशी होणारा व्यवहार पाहतो: दर, करार, वाढीव लायसन्स, नवी मॉड्यूल.

मी रजा आणि पगाराच्या सॉफ्टवेअरवर हे काम करतो, म्हणून तिथलेच उदाहरण घेतो. समजा, एका कारखान्याने पर्यवेक्षकांसाठी २०० लायसन्स घेतली. तिसऱ्या महिन्यात वापराच्या नोंदींत दिसते की जेमतेम ६० जण लॉगिन करतात. सपोर्टकडे एकही तक्रार आलेली नाही, आणि नेमकी हीच धोक्याची खूण आहे, कारण जो सॉफ्टवेअर वापरतच नाही तो तक्रार तरी कशाची करणार? अशा वेळी मी एचआरच्या प्रमुखांना केवळ ईमेल पाठवून थांबत नाही. दोन-तीन पर्यवेक्षकांशी थेट बोलतो. त्यातून कळते की शॉप फ्लोअरवर संगणक नाही, म्हणून रजेचे अर्ज अजून कागदावरच येतात आणि महिनाअखेरीस एक कारकून ते एक्सेलमध्ये भरतो. मग मोबाइल ॲपवरून मंजुरी सुरू करणे, आधी एकाच विभागात ती चालवून पाहणे आणि ठरलेल्या तारखेनंतर कागदी अर्ज न घेण्याचा निर्णय एचआरकडून करवून घेणे, ही कामे ओळीने येतात. शेवटचे सर्वांत अवघड असते, कारण त्याचा अधिकार आपल्याकडे नसतो.

करार संपण्याच्या साधारण तीन महिने आधी अकाउंट मॅनेजर बोलणी सुरू करतो. तोवर वापर ६० वरच अडकलेला असेल, तर ग्राहक लायसन्स कमी करण्याची किंवा मोठ्या सवलतीची मागणी करणार, आणि ती खोडून काढण्याजोगे काहीही अकाउंट मॅनेजरच्या हाती नसते. त्याचे मोजमाप विक्रीच्या उद्दिष्टावर होते. माझे मुख्यतः वापर आणि टिकलेले ग्राहक यांवर. ही विभागणी मला आवश्यक वाटते, कारण विक्रीचे उद्दिष्ट नसलेल्या माणसाला ग्राहक आपली अडचण अधिक मोकळेपणाने सांगतो.

मात्र सगळीकडे ही रेषा इतकी स्पष्ट नसते. लहान कंपन्यांत दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असतात, आणि काही ठिकाणी कस्टमर सक्सेस हे नाव देऊन प्रत्यक्षात सपोर्टची तिकिटेच सोडवायला लावतात. म्हणून मुलाखतीत दोन गोष्टी अवश्य विचारा: करार पुढे चालू ठेवण्याची बोलणी कोण करतो, आणि या पदाचा बोनस कोणत्या आकड्यावर ठरतो.