भाजीवाली का हसली? डायग्लॉसियाबद्दल थोडं

प्रश्न: “दोन वर्षं झाली चेन्नईत आहे. पुस्तकावरून तमिळ शिकलो, पेपरही अडखळत का होईना वाचतो. पण भाजीवालीला ‘इदन विलै एन्न?’ विचारलं की ती तोंडाला पदर लावून हसते आणि काय उत्तर देते ते मला कळत नाही. ऑफिसातला तमिळ मित्र म्हणाला, आमच्याकडे ‘डायग्लॉसिया’ आहे. म्हणजे आपल्याकडे प्रमाण मराठी आणि बोली असतात तसंच ना? आणि याला मराठी शब्द कोणता?”

तुमचं वाक्य व्याकरणात चोख आहे, म्हणूनच ती हसली. मंडईत कोणी येऊन “या वस्तूचे मूल्य किती?” असं विचारलं तर आपल्याकडची भाजीवाली काय करेल? तमिळ माणूस तिथे “तक्काळी किलो एव्ळो?” म्हणतो, म्हणजे टोमॅटो किलोला कितीला. हा ‘एव्ळो’ तुमच्या पुस्तकात ‘एव्वळवु’ असा छापलेला असणार. तिचं उत्तर कळत नाही त्याचंही कारण तेच. पन्नास रुपयांना पुस्तकात ‘ऐंबदु रूबाय’ असतं, ती म्हणते ‘अंबदु रूबा’. पाच हा आकडा लिहायचा ‘ऐंदु’ आणि म्हणायचा ‘अंजु’. पहिली दोन वर्षं मदुरैत मी स्वतः ‘ऐंदु’ म्हणायचो. समोरचा दुकानदार आदराने मान हलवायचा आणि पाच बोटं दाखवून खात्री करून घ्यायचा.

आता तुम्ही म्हणाल, बाजारातली बोली अशी असायचीच, शिकलेली माणसं तसं बोलत नसतील. इथेच मराठी माणसाचा अंदाज चुकतो. तमिळ साहित्य शिकवणारे प्राध्यापकही घरी ‘अंजु’च म्हणतात. फोनवर “येतोय” सांगताना ते ‘वंदुकिट्टिरुक्केन’ म्हणतात. त्याचं लेखी रूप ‘वंदुकोंडिरुक्किऱेन’, ते त्यांच्या पुस्तकात असतं, तोंडात नसतं. मुलावर डाफरताना, “काय केलंस?” याला ‘एन्न पण्णिने?’ म्हणतात. लेखी तमिळमधलं ‘एन्न सेय्दाय?’ जेवणाच्या ताटावर ऐकू आलं तर घरातली माणसं समजतील की बाबा आज चेष्टेच्या मूडमध्ये आहेत, किंवा पौराणिक नाटकाची तालीम चाललीय.

कसोटी म्हणून हीच वापरा: त्या समाजातला सगळ्यात शिकलेला माणूस स्वतःच्या आईशी कोणत्या भाषेत बोलतो? तो तिथेही प्रतिष्ठेचंच रूप वापरत असेल, तर तो डायग्लॉसिया नव्हे. ते रूप कुणाच्याच घरात बोललं जात नसेल, सगळे ते शाळेत शिकत असतील, आणि तरीही वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तक, बातम्या, सभेतलं भाषण हे सगळं त्याच रूपात होत असेल, तर तो डायग्लॉसिया. चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1959 साली याच नावाचा निबंध लिहिला आणि शब्द रूढ केला. अरबी, ग्रीक, स्वित्झर्लंडमधली जर्मन आणि हैतीतली फ्रेंच-क्रिओल ही त्याची चार उदाहरणं. प्रतिष्ठेच्या रूपाला त्याने ‘वरचं’ आणि रोजच्या रूपाला ‘खालचं’ म्हटलं. ही नावं मला फारशी आवडत नाहीत, पण भाषाशास्त्रात ती घट्ट रुजलीत.

तमिळ लोक स्वतः मात्र वर-खाली म्हणत नाहीत. ते म्हणतात ‘एळुत्तु तमिळ’ आणि ‘पेच्चु तमिळ’. एळुत्तु म्हणजे अक्षर किंवा लेखन, पेच्चु म्हणजे बोलणं. आणि पेच्चु तमिळ म्हणजे एखाद्या जिल्ह्याची बोली नव्हे, हे लक्षात ठेवा. मदुरैची, कोइंबतूरची, तिरुनेलवेलीची अशा बोली वेगळ्या आहेतच, जातींप्रमाणेही फरक पडतात. पण त्यांच्या वर शिकल्यासवरल्या लोकांचं सगळीकडे चालणारं एक बोली-तमिळ आहे, आणि तेही लेखी तमिळपासून तितकंच लांब आहे. म्हणजे बोलींचा फरक आडवा आणि हा उभा. तुमचे मित्र या उभ्या फरकाबद्दल बोलत होते.

वाटणी कशी असते हे एखाद्या गावातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात बसून ऐकण्यासारखं असतं. आमंत्रणपत्रिका अर्थातच लेखी तमिळमध्ये. पाहुणे माइकसमोर उभे राहतात आणि “पेरियोर्गळे, ताय्मार्गळे” अशी सुरुवात करतात, म्हणजे ‘वडीलधाऱ्यांनो, मातांनो’. आवाज वर, शब्द पूर्ण, शेवटचं अक्षरही गिळायचं नाही. पाच मिनिटं हे चालतं. मग त्यांना एक किस्सा सांगायचा असतो. लेखी तमिळमध्ये ‘काल’ म्हणजे ‘नेट्रु’, पण किस्सा सुरू होतो ‘नेत्तु’ने, आणि त्या एका शब्दावर सगळा मंडप सैलावतो. मागच्या रांगेतली पोरंसुद्धा ऐकू लागतात. किस्सा संपला, शिक्षणाचं महत्त्व वगैरे आलं की पाहुणे परत ‘नेट्रु’वर. वर्गातही तेच चालतं: धडा लेखी तमिळमध्ये वाचायचा, मग “म्हणजे काय माहितीय का” करत पेच्चु तमिळमध्ये समजावायचा. ही ये-जा चुकून होत नाही. बोलणाऱ्याला ती करता येणं हीच त्याची हुशारी.

चूक उलट्या दिशेनेही होते. बाजारात लेखी तमिळ बोलणारा हास्यास्पद ठरतो आणि अर्जात पेच्चु तमिळ लिहिणारा अडाणी. दोन्ही रूपं एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. द्रविड चळवळीने तर भाषणातलं हे उंच तमिळ एक कलाच करून टाकली. अण्णादुराईंचं अनुप्रासांनी भरलेलं वक्तृत्व लोक नुसतं ऐकायला जायचे. 1952 च्या ‘पराशक्ती’ या चित्रपटाचे संवाद करुणानिधींनी लिहिले, आणि त्यातलं कोर्टातलं भाषण म्हणजे पडद्यावर चालून आलेलं एळुत्तु तमिळच आहे. पुढे सिनेमा हळूहळू पेच्चु तमिळकडे सरकला. आता तर फोनवरच्या मेसेजमध्ये लोक ‘वंदुकिट्टिरुक्केन’ सर्रास लिहितात, तेही बऱ्याचदा रोमन लिपीत. म्हणजे ‘लिहायचं ते एळुत्तु’ ही वाटणीही आता पूर्वीसारखी कडक राहिलेली नाही. तरी सकाळचं वर्तमानपत्र अजून त्या बाजूला गेलेलं नाही.

आता मराठीचं. विदर्भातला मुलगा घरी “तो काम करून राहिला” म्हणतो आणि शाळेत “तो काम करत आहे” शिकतो. वरवर पाहता हा तुमच्या भाजीवालीसारखाच प्रकार वाटतो. पण आपली आईची कसोटी लावा. प्रमाण मराठी ज्या बोलीवर उभी आहे, ती पुण्यातल्या काही घरांत सकाळ-संध्याकाळ बोलली जाते. म्हणजे त्या घरातलं पोर शाळेत येतं तेव्हा अर्धी भाषा घरूनच घेऊन आलेलं असतं, आणि विदर्भातल्या, खानदेशातल्या पोराला ती शिकावी लागते. तमिळमध्ये ही सवलत कुणालाच नाही. तिथे प्राध्यापकाचा मुलगा आणि भाजीवालीचा मुलगा दोघंही ‘ऐंदु’ शाळेतच शिकतात. प्राध्यापकाच्या घरी पुस्तकं जास्त असतात, हा फायदा वेगळा. म्हणून फर्ग्युसनच्या अर्थाने मराठीत डायग्लॉसिया नाही, प्रमाणभाषा आणि बोली आहेत. सरसकट ‘सगळीकडे असतंच की’ म्हणण्यातली अडचण ही, की त्यात हा फरक बुजून जातो.

एक कोपरा मात्र आपल्याकडेही आहे. “मी काम केले, ते घर मोठे आहे” असं कोण बोलतं? पुण्यातही कोणी बोलत नाही. बोलताना सगळे ‘केलं’, ‘मोठं’ म्हणतात आणि लिहिताना ‘केले’, ‘मोठे’ करतात. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही बोलण्यातलं रूप दाखवायचं तेव्हा अनुस्वार द्यायचा आणि एरवी एकारान्त लिहायचं अशी सोय करून ठेवलेली आहे. हे उत्तर मी ‘केलं-गेलं’ करत लिहितोय. हाच मजकूर सोसायटीच्या नोटिशीवर गेला असता तर न सांगता ‘केले-गेले’ झाला असता. इतक्यापुरता तो डायग्लॉसियाचा तुकडा म्हणता येईल. पण एवढ्याशा फरकाने कोणी भाजी घ्यायला अडत नाही. तमिळमध्ये क्रियापदांच्या रूपांपासून आकड्यांपर्यंत सगळं बदलतं.

गोव्याचं उदाहरण कोणीतरी काढेलच, म्हणून तेही. कित्येक हिंदू गोवेकरांच्या घरी कोंकणी, आणि आरती, कीर्तन, वर्तमानपत्र मराठीत, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. जोशुआ फिशमनने 1967 साली डायग्लॉसियाची व्याख्या रुंद केली आणि दोन वेगळ्या भाषांतल्या अशा वाटणीलाही तो शब्द लावला. त्या अर्थाने हे बसतं. फक्त गोव्यात हा शब्द जपून वापरा. मराठी ‘वरची’ आणि कोंकणी ‘खालची’ म्हटलं की कोंकणी ही मराठीची बोली असल्याचा जुना वाद लगेच उकरला जातो. साहित्य अकादमीने 1975 मध्ये कोंकणीला स्वतंत्र भाषा मानलं, 1992 मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. वाटणी भाषांच्या कामाची आहे, दर्जाची नाही, हे तिथे आधी सांगून मग बोलावं.

शब्दाबद्दल: ‘द्विभाषिकता’ नको. ग्रीकमध्ये ‘डायग्लॉसिया’चा अक्षरार्थ तोच असला, तरी मराठीत द्विभाषिक म्हणजे दोन भाषा येणारा, उदाहरणार्थ मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारा बेळगावकर. इथे भाषा एकच आहे आणि तिची दोन रूपं कामं वाटून घेतायत. मी ‘भाषाद्वैत’ म्हणतो. ‘द्विस्तर भाषिकता’ जास्त नेमकं आहे, पण जड. गप्पांत ‘डायग्लॉसिया’च म्हणा.

आणि तुमच्यापुरतं. पुस्तक टाकून देऊ नका, नाहीतर पेपर आणि बसवरच्या पाट्या जातील. पण बोलायला दुसरं तमिळ शेजाऱ्यांकडून वेगळं शिकावं लागेल, एकातून दुसरं आपोआप येत नाही. सुरुवातीला थोडे नियम पुरतात: ‘वीट्टिल’ (घरात) चं ‘वीट्ले’, ‘पोगिऱेन’ (जातो) चं ‘पोरेन’, ‘अवर्गळ’ (ते) चं ‘अवंग’, ‘वारुंगळ’ (या) चं ‘वांग’. शेवटच्या ‘म’ला नाकात सोडा: झाडाला ‘मरम’ लिहितात, म्हणताना तो ‘म’ ओठांवर येतच नाही. उद्या भाजीवालीला “एव्ळोंग?” विचारा, शेवटचा ‘ंग’ आदराचा आहे. ती हसली तरी या वेळी भाव मात्र कळेल.