मालक परदेशात, सही भावाची: कुलमुखत्यारपत्रावर भाडेकरार करताना

प्रश्न: "फ्लॅट महाराष्ट्रात आहे, मालक कॅनडात. करारावर त्यांचा भाऊ सही करणार आहे, त्याच्याकडे पॉवर ऑफ ॲटर्नी आहे म्हणतो. डिपॉझिट मात्र स्वतःच्या खात्यात मागतोय. असा करार चालतो का? मी काय बघून घेऊ?"

करार चालतो. मालक परदेशात असताना कुलमुखत्यारानं केलेला लिव्ह अँड लायसन्स करार मालकानं स्वतः सही केल्याइतकाच बंधनकारक असतो. पण त्याचं सगळं बळ त्या कुलमुखत्यारपत्रात असतं, भाऊ असण्यात नाही. म्हणून मूळ कागद हातात घेऊन वाचल्याशिवाय डिपॉझिटचा एक रुपयाही देऊ नका, टोकन म्हणूनसुद्धा नाही.

भाडेकरारांची कामं मी बरीच वर्षं करतो आहे. या प्रकारात लोक थेट कुलमुखत्यारपत्र बघायला घेतात. मी आधी फ्लॅटची इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला खरेदीच्या नोंदीचा उतारा मागतो. मालक म्हणून नेमकी कोणाची नावं लागली आहेत ते तिथं कळतं. परदेशी गेलेल्या जोडप्यांचे फ्लॅट बहुतेक वेळा दोघांच्या नावावर असतात आणि कुलमुखत्यारपत्र मात्र एकट्या नवऱ्यानं दिलेलं असतं. मग बायकोच्या हिश्श्यापुरता भावाला काहीच अधिकार नसतो. उद्या दोघांत बिनसलं, तर तिची संमती नसलेला करार तुमच्या गळ्यात. इंडेक्स टूवर जितकी नावं, तितक्यांच्या सह्या कुलमुखत्यारपत्रावर हव्यात, एकाच कागदावर किंवा वेगवेगळ्या.

आता तो कागद. मालक परदेशात राहत असेल तर कुलमुखत्यारपत्र कोणासमोर व्हायला हवं, हे नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३३ मध्ये स्पष्ट आहे: नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी, भारताचे कॉन्सल किंवा व्हाइस कॉन्सल, नाहीतर केंद्र सरकारचा प्रतिनिधी. म्हणजे दोन रस्ते व्यवहारात दिसतात. एक, मालक भारतीय वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करतो. दुसरा, तिथल्या नोटरीसमोर सही करतो आणि त्या कागदावर ॲपोस्टिल घेतो. कॅनडात ॲपोस्टिल ११ जानेवारी २०२४ पासून मिळू लागलं. त्याआधीच्या तारखेच्या कॅनेडियन कागदावर ॲपोस्टिल नसेल तर गडबडून जाऊ नका, तिथं वकिलातीचा शिक्का शोधा.

ॲपोस्टिल म्हणजे दहा क्रमांकित रकान्यांचं एक प्रमाणपत्र. ते फक्त एवढंच सांगतं की या कागदावर सही-शिक्का करणारा अधिकारी खरा आहे. आतला मजकूर बरोबर आहे असं ते कुठेही म्हणत नाही. म्हणून दुसऱ्या रकान्यातलं नाव वाचा. तिथं नोटरीचं नाव असायला हवं आणि ते आतल्या नोटरीच्या शिक्क्याशी जुळायला हवं. सहाव्या रकान्यातली तारीख नोटरीच्या तारखेच्या आधीची असूच शकत नाही. तसं दिसलं तर तिथंच थांबा.

नोटरीचा मजकूरही वाचायचा. नुसता गोल शिक्का आणि सही पुरत नाही. सही करणारी व्यक्ती माझ्यासमोर हजर होती आणि तिची ओळख मी पटवून घेतली, असं नोटरीनं लिहिलेलं असावं. सर्वोच्च न्यायालयात १९७० साली जुगराज सिंग विरुद्ध जसवंत सिंग हे प्रकरण नेमकं यावरच अडलं होतं. अमेरिकेतल्या नोटरीनं पहिल्या कुलमुखत्यारपत्रावर ओळख पटल्याचं नोंदवलंच नव्हतं, म्हणून ते कमी पडलं. पुढे नीट साक्षांकित केलेल्या दुसऱ्या कागदानं आधीच्या कृतीला मान्यता दिली आणि व्यवहार तगला. हा निकाल मी मुद्दाम सांगतोय, कारण त्यात चूक आणि तिचा उपाय दोन्ही आहेत.

कागद परदेशातून आला की इथं त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १८ नुसार राज्यात कागद पहिल्यांदा पोचल्यापासून तीन महिन्यांत ते भरता येतं, आणि त्यासाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जावं लागतं. शुल्क भरलेल्या कागदावर तशी नोंद आणि तारीख असते. ती दिसली नाही, तर तो कागद पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही. भाऊ म्हणेल की नंतर भरू. तीन महिने उलटून गेले असतील तर दंड त्याला भरू द्या, पण करार त्यानंतरच करा.

सर्वांत जास्त वेळ द्या तो अधिकारांच्या कलमांना. कुलमुखत्यारपत्राचा अर्थ न्यायालयं काटेकोर लावतात. जे लिहिलंय तेवढंच, ओढूनताणून जास्त नाही. मागे माझ्याकडे एक भाडेकरू असाच कागद घेऊन आले होते. मालक कॅनडात, मुखत्यार धाकटा भाऊ. कागदात लिहिलं होतं: फ्लॅटची देखभाल करणे, सोसायटीची वर्गणी व मालमत्ता कर भरणे, सभांना हजर राहणे, भाडे वसूल करणे. वाचताना सगळं ठीक वाटतं. पण फ्लॅट भाड्यानं देणे, करारावर सही करणे, तो नोंदवणे, यातलं एकही वाक्य नव्हतं. भाडं वसूल करण्याचा अधिकार म्हणजे नवीन भाडेकरू ठेवण्याचा अधिकार नव्हे. शिवाय इंडेक्स टूवर पत्नीचंही नाव होतं आणि कागदावर तिची सही नव्हती.

भाऊ प्रामाणिक होता. त्यानं कित्येक वर्षं याच कागदावर घराचा कारभार केला होता, त्यामुळे त्याला राग येणं साहजिक होतं. मी त्याच्या हातात चार ओळी लिहून दिल्या आणि नव्या कागदात त्या घालून घ्यायला सांगितलं: हा फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देणे, त्याच्या करारावर आमच्या वतीने सही करणे, तो दुय्यम निबंधकांसमोर सादर करून सहीची कबुली देणे, आणि डिपॉझिट स्वीकारणे व परत करणे. मुदत संपल्यावर नोटीस देणे आणि ताबा परत घेणे हेही त्यात आलं. नव्या कागदावर नवरा-बायको दोघांनी नोटरीसमोर सह्या केल्या, ॲपोस्टिल झालं, मूळ प्रत कुरिअरनं आली, मुद्रांक शुल्क भरलं आणि मगच करार नोंदवला. भाडेकरूंना तोवर जुन्या घरी थोडे दिवस जास्त काढावे लागले. मला तो उशीर अजिबात जड वाटत नाही.

तुमच्या कागदात या चारपैकी डिपॉझिट परत करण्याचं वाक्य आहे का ते जरूर बघा. घेण्याचं असतं, परत करण्याचं विसरतात. घर सोडताना "पैसे दादा देईल, माझा काही संबंध नाही" हे उत्तर तिथूनच येतं.

कागद बरोबर आहे, पण आज जिवंत आहे का? मालक वारला, मानसिकदृष्ट्या अक्षम झाला किंवा त्यानं मुखत्यारपत्र रद्द केलं, की मुखत्याराचा अधिकार संपतो. दोन-तीन वर्षांपूर्वीचा कागद असेल तर हे विचारायलाच हवं, आणि विचारताना अवघडू नका. नोंदणीच्या वेळी मुखत्याराला घोषणापत्र द्यावंच लागतं की मुखत्यारपत्र अजून अंमलात आहे, रद्द केलेलं नाही आणि ते देणारी व्यक्ती हयात आहे. त्यावर मी आणखी एक करतो: मालकाशी व्हिडिओ कॉल, आणि नंतर मालकाच्या स्वतःच्या ईमेलवरून दोन ओळी, की अमुक पत्त्याचा फ्लॅट अमुक व्यक्तीला इतक्या भाड्यानं देण्यास माझी मान्यता आहे. कायद्यानं ते सक्तीचं नाही. पण ज्या मालकाला हे दोन मिनिटांचं काम नको असतं, त्याच्या घरात राहायला जाऊ नये असं माझं मत आहे.

करारात "घरमालक" म्हणून मालकाचंच नाव आणि परदेशातला पत्ता येईल, आणि पुढे "त्यांच्यातर्फे कुलमुखत्यार" म्हणून भावाचं. भावालाच मालक म्हणून लिहिलेला मसुदा आला तर परत पाठवा. कुलमुखत्यारपत्राची तारीख करारात घाला आणि त्याची प्रत कराराला जोडा. नोटिसा पाठवायला दोघांचे पत्ते आणि ईमेल असू द्या. अकरा महिन्यांचा असला तरी करार नोंदवायचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे.

आता पैसे. डिपॉझिट आणि भाडं मालकाच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठी असलेल्या बँक खात्यात, जाऊ द्या. मालक भावाच्या खात्यात पाठवा म्हणत असेल, तर तसं करारात लिहून घ्या आणि मुखत्यारपत्रात पैसे स्वीकारण्याचा अधिकार आहे याची खात्री करा. तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

खातं कोणाचंही असलं तरी एक गोष्ट बदलत नाही, आणि भाडेकरू इथंच सर्वांत जास्त फसतात. मालक अनिवासी असेल, तर त्याच्या भाड्यातून टीडीएस कापून सरकारला भरणं ही भाडेकरूची जबाबदारी आहे. निवासी मालकाच्या बाबतीत जी किमान रकमेची सूट असते ती इथं नाही; पहिल्या रुपयापासून कापायचा. दर ३० टक्के आणि त्यावर उपकर धरून ३१.२ टक्के. भाडं ४०,००० असेल तर दरमहा १२,४८० रुपये कापून भरायचे आणि २७,५२० मालकाला द्यायचे. परत मिळणारं डिपॉझिट हे भाडं नव्हे, त्यातून कापायचं नाही. यासाठी तुम्हाला टॅन, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा आयकर खात्याकडचा क्रमांक, काढावा लागेल आणि दर तिमाहीला विवरणपत्र भरावं लागेल. भाऊ म्हणेल, "मी इथेच राहतो, माझ्या खात्यात भरा, टीडीएसची कटकट नको." उत्पन्न मालकाचं आहे, भावाचं नाही, त्यामुळे तो उपाय चालत नाही. न कापलेली रक्कम आणि तिच्यावरचं व्याज आयकर खातं तुमच्याकडून मागतं.

मालकाचं एकूण उत्पन्न कमी असेल तर त्यांनी आयकर खात्याकडून कमी दरानं कपात करण्याचं प्रमाणपत्र आणावं. तो अर्ज मालकानं करायचा असतो आणि प्रमाणपत्र हातात येईपर्यंत तुम्ही पूर्ण दरानंच कापायचं. हे भाडं ठरवतानाच भावाला सांगा, कारण पहिल्या महिन्यात २७,५२० जमा झालेले बघून फोन येणार तो तुम्हालाच.