पीसी मधूनच बंद पडतो, रॅमच खराब आहे हे कसं ओळखायचं?

"दोन ८ जीबीच्या रॅम आहेत. पीसी कधीही निळा स्क्रीन देऊन रीस्टार्ट होतो, दरवेळी एरर वेगळा. रॅम तपासायची कशी?"

आधी बायोसमध्ये रॅमचा स्पीड वाढवणारं XMP किंवा EXPO बंद करा. बऱ्याचदा रॅम ठणठणीत असते, वाढवलेला स्पीडच तिला झेपत नाही.

तरीही बंद पडला तर प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा आणि दोन्ही रॅम काढा. सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या. मग एकच रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये (चार स्लॉट असतील तर बहुधा A2) क्लिप 'खट्' वाजेपर्यंत दाबून बसवा. अर्धवट बसलेली रॅमही असाच त्रास देते.

पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारं MemTest86 चालवा, त्याच्या चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. रात्री लावून ठेवलेलं बरं. एक जरी एरर आला तरी नापास. मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी रॅम लावून तेच करा. स्लॉट बदलू नका, नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही.

एकच नापास झाली तर ती रॅम गेली. दोन्ही नापास झाल्या तर स्लॉट बदलून बघा, संशय मदरबोर्डवर. एकेकटी पास, पण जोडीने एरर, तर कारण आधी न तपासलेला स्लॉट किंवा जोडी न जुळणं.